‘२ रा’ म्हणजे दुसरा नव्हे: फोटोतली पत्रिका भाव-ग्रह कोष्टकात उतरवण्याचे एक प्रकरण

जुन्या वहीच्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. पानावर हाताने मांडलेली पत्रिका आहे आणि तिच्यातून बारा ओळींचे एक कोष्टक तयार करायचे आहे: कोणता भाव, म्हणजे पत्रिकेतले कितवे घर, त्यात कोणती राशी, तिथे कोणते ग्रह. पुढचे फलित कुणीही काढो, आपले काम एवढ्यापुरतेच. पत्रिका कुणा व्यक्तीची नाही. १५ ऑगस्ट १९४७, रात्री १२ वाजता, स्थळ दिल्ली, अशी ती स्वतंत्र भारताची पत्रिका आहे. ती अभ्यासासाठी दोन कारणांनी चांगली. तिची ग्रहस्थिती कुठल्याही पंचांगाशी किंवा गणिताशी ताडून पाहता येते, आणि एका चिमुकल्या त्रिकोणात सहा ग्रह कोंबावे लागत असल्यामुळे फोटो वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका तिच्यात एकत्र भेटतात.

पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, ‘नक्षत्र पुष्य’ आणि ‘रास कर्क’ एवढे वाचता येते. लग्नाचे, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचे, नाव जिथे असायला हवे तिथून पानाची घडी गेली आहे, त्यामुळे ते शब्दांत मिळत नाही. त्याखाली दोन आकृत्या आहेत. डाव्या आकृतीवर ‘लग्न’ हा शब्द अर्धवट दिसतो, उजवीवर काहीच लिहिलेले नाही.

आधी आकृती कोणती ते ठरवा

महाराष्ट्रातल्या हस्तलिखित पत्रिका बहुधा चौरसात दोन कर्ण आणि मधला तिरका चौकोन काढून मांडतात. या मांडणीत भावांच्या जागा पक्क्या असतात, राशी फिरतात, म्हणून प्रत्येक घरात राशीचा अंक लिहितात: मेष १ ते मीन १२. वरचा मधला चौकोन म्हणजे नेहमी पहिला भाव. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचे. दाक्षिणात्य मांडणीत याच्या नेमके उलट असते. तिथे राशींची घरे पक्की असतात, वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष, मग घड्याळाच्या दिशेने पुढे. लग्नाचे घर तिरपी रेघ किंवा ‘ल’ लिहून दाखवतात आणि राशींचे अंक बहुधा लिहीतच नाहीत. म्हणून कर्ण दिसले आणि घराघरात अंक दिसले की पुढची पद्धत लागू होते. नुसते चौकोन दिसले तर थांबा, ही पद्धत तिथे चालणार नाही.

पानावरची दुसरी, बिननावाची आकृती बाजूला ठेवायची, पण ती कोणती हे कळल्याशिवाय नाही. ती राशिकुंडली, म्हणजे चंद्राची रास पहिल्या घरात धरून मांडलेली आकृती, असेल तर चंद्र वरच्या मधल्या घरात असणारच. इथे तो तिथे नाही. नवमांश, म्हणजे प्रत्येक राशीचे नऊ भाग करून त्यांवरून मांडलेली आकृती, असेल तर रवि आणि बुध एकमेकांपासून दूर गेलेले दिसू शकतात, आणि इथे तसेच आहे: रवि १२ अंकाच्या घरात, बुध ८ अंकाच्या घरात. रवि आणि बुध राशिचक्रात एकमेकांपासून सुमारे २८ अंशांपेक्षा जास्त दूर कधीच जात नाहीत, त्यामुळे लग्नकुंडलीत बुध रविच्याच राशीत किंवा शेजारच्या राशीत असतो. चार राशींचे अंतर दिसले म्हणजे ही आकृती ग्रहांच्या प्रत्यक्ष राशी दाखवत नाही. गणितही हेच सांगते. कर्केच्या शेवटच्या अंशांतला रवि नवमांशात मीनेत पडतो आणि कर्केच्या तेराव्या अंशापलीकडचा बुध वृश्चिकेत. तेव्हा उजवीकडची आकृती नवमांशाची, आपले काम डावीकडची.

अंक आधी, ग्रह नंतर

घाईत वाचणारा माणूस सरळ घर बघतो, त्यातला अंक आणि अक्षर एकत्र उचलतो आणि कोष्टकात टाकतो. या पत्रिकेत पहिल्याच घरात त्याचा पाय घसरतो. वरच्या मधल्या घरात ‘२’ आहे आणि त्याच्या शेजारी ‘रा’. मराठी डोळ्याला ते ‘२ रा’, म्हणजे दुसरा, असे दिसते. त्यामुळे ‘दुसऱ्या भावात काही नाही’ किंवा ‘हे दुसरे घर’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात २ म्हणजे वृषभ रास आणि रा म्हणजे राहू. घर पहिले आहे.

हा गोंधळ एका अक्षरापुरता नाही. घरातला अंक हाच भावाचा क्रमांक समजला की संपूर्ण कोष्टक एका घराने सरकते. राहू दुसऱ्यात, मंगळ तिसऱ्यात, सहा ग्रहांचा जथा चौथ्यात, गुरु सातव्यात आणि केतू आठव्यात जातो. आता या चुकीच्या कोष्टकाला नेहमीच्या कसोट्या लावून पाहा. सगळे ग्रह एकेकदाच आले आहेत. राहू-केतू समोरासमोर आहेत. बुध आणि शुक्र रविसोबत आहेत. रात्री बाराच्या जन्माला रवि चौथ्या भावाच्या आसपास हवा, तो तर नेमका चौथ्यात दिसतो, म्हणजे खऱ्या कोष्टकापेक्षाही सुबक. एकही कसोटी ही चूक पकडत नाही.

कारण सरळ आहे. मध्यरात्रीची कसोटी जाडी आहे, एका घराचा फरक तिच्यात मावतो. बाकीच्या कसोट्या ग्रहांच्या एकमेकांतल्या अंतरावर चालतात आणि सगळे कोष्टक सारखेच सरकले तर अंतरे बदलत नाहीत. भावाचा क्रमांक फक्त आकृतीतल्या जागेवरून मिळतो, दुसरा आधार नाही. म्हणून कोष्टकात ‘भाव’ आणि ‘छापील अंक’ हे दोन रकाने कायम वेगळे ठेवावेत, आणि भावाचा रकाना फोटो उघडण्याआधीच १ ते १२ असा भरून टाकावा. फोटोतून तो भरायचाच नाही.

ही चूक पकडायची एक खूण मात्र आहे. अंकाला भाव मानणारा वाचक नकळत प्रत्येक पत्रिका मेष लग्नाची करून टाकतो. बऱ्याच पत्रिका उतरवून झाल्या आणि सगळ्यांत राशीचा अंक व भावाचा क्रमांक तंतोतंत जुळत असेल, तर सगळ्या मेष लग्नाच्या नाहीत, वाचन चुकले आहे. आणि जी पत्रिका खरोखर मेष लग्नाची असते तिच्यात ही चूक दिसतही नाही. त्यामुळे कुणाला पद्धत शिकवायची असेल तर मेष लग्नाचे उदाहरण घेऊ नये.

भावांच्या जागा एकदा हाताने काढून लक्षात ठेवाव्यात. वरचा मधला चौकोन १. त्याच्या डावीकडे, चौरसाच्या वरच्या बाजूला टेकलेला त्रिकोण २. त्याखाली, डाव्या बाजूला टेकलेला त्रिकोण ३. डावा मधला चौकोन ४. मग डाव्या बाजूलाच टेकलेला खालचा त्रिकोण ५, तळाला टेकलेला त्रिकोण ६, खालचा मधला चौकोन ७. उजवीकडून वर चढताना तळाचा त्रिकोण ८, उजव्या बाजूचा खालचा ९, उजवा चौकोन १०, उजव्या बाजूचा वरचा त्रिकोण ११, आणि वरच्या बाजूचा उजवा त्रिकोण १२. नवशिका दोन ठिकाणी हमखास गडबडतो: २ आणि ३ यांत, तसेच ११ आणि १२ यांत. दोन्ही त्रिकोण एकाच कोपऱ्यात असतात. कोणता त्रिकोण चौरसाच्या कोणत्या बाजूला टेकतो, हे पाहिले की गोंधळ उरत नाही.

आता अंक. या फोटोत २, ४, ७, ८, १० आणि ११ स्वच्छ दिसतात. घडीमुळे उजवीकडचे वरचे दोन त्रिकोण करपल्यासारखे झाले आहेत, डावीकडचा ५ अर्धा आहे, आणि तळाच्या उजव्या त्रिकोणातला अंक १ की ९ हे सांगता येत नाही. तत्त्वतः एकच निर्विवाद अंक पुरतो, कारण पुढच्या प्रत्येक घरात अंक एकाने वाढतो आणि १२ नंतर १ येतो. पण एकावर विसंबू नये. तीन ठळक अंक घ्यावेत आणि ते तिन्ही एकाच लग्नाकडे बोट दाखवतात का ते पाहावे. घराचा अंक काढायचा साधा हिशेब असा: लग्नाचा अंक अधिक भाव, वजा १. बेरीज १२ पेक्षा जास्त आली तर १२ वजा करा. लग्न २ असेल तर तिसऱ्या भावात २ + ३ − १ = ४, सातव्यात ८, दहाव्यात ११. फोटोत तिसऱ्यात ४, सातव्यात ८, दहाव्यात ११ दिसतात. तिन्ही जुळले. त्यावरून आठव्यात ९, अकराव्यात १२ आणि बाराव्यात १ येतात. ‘१ की ९’ हा प्रश्न असा सुटला, डोळे ताणून नाही.

हे अंक घरात कुठे लिहितात याचीही एक सवय असते. चार चौकोनांचे अंक बहुधा चौरसाच्या मध्याजवळच्या टोकात, आणि त्रिकोणांचे अंक आतल्या टोकात. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या भावाचे अंक, इथे ३ आणि ४, वरच्या डाव्या चौकात एकमेकांना जवळजवळ चिकटून येतात. त्यांची अदलाबदल झाली तर क्रम लगेच मोडतो, पण ती झाली हे कळायला क्रम तपासावा लागतो. फोटो तिरका काढला असेल तर हे चौक आणखी आवळलेले दिसतात.

शेवटी लग्न गणिताने ताडून पाहिले. दिल्लीला त्या मध्यरात्री वृषभेचे सुमारे ७ अंश उदित होते. साधारण अर्धा तास आधीपर्यंत मेष लग्न होते. म्हणजे वेळ थोडी मागे असती तर वर १ अंक आला असता. फोटोतला २ आणि लिहिलेली वेळ एकमेकांना धरून आहेत.

सहा ग्रहांचा त्रिकोण

या आकृतीत चौकोनाचे क्षेत्रफळ चौरसाच्या एक अष्टमांश असते आणि त्रिकोणाचे त्याच्या निम्मे, म्हणजे एक षोडशांश. सर्वांत कमी जागा असलेल्या अशाच एका घरात, तिसऱ्या भावात, इथे रवि, चंद्र, बुध, शुक्र, शनि आणि प्लुटो बसवायचे आहेत. लिहिणाऱ्याने डाव्या कडेला धरून अक्षरे एकाखाली एक लिहीत आणली. पहिली चार आत मावली. पाचवे आणि सहावे अक्षर कडेबाहेर, समासात, चौरसाच्या डाव्या बाजूच्या मध्याशी येऊन थांबले.

तो मध्य म्हणजे धोक्याची जागा. तिथे तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन भाव एका बिंदूत मिळतात. समासातली दोन अक्षरे त्या बिंदूच्या किंचित खाली असल्यामुळे केवळ उंची पाहणारा ती पाचव्या भावात टाकेल, कारण खालच्या त्रिकोणात आधीच ‘ने’, म्हणजे नेपच्यून, लिहिलेला आहे आणि तीनही अक्षरे एका गटासारखी दिसतात. चौथ्या भावात टाकण्याचा मोहही होतो, कारण तो चौकोन रिकामा आहे.

अशा वेळी आधी कागद काय सांगतो ते पाहावे. फोटो मोठा करून पाहिले तर समासातल्या अक्षरांची उंची वरच्या चार अक्षरांइतकीच आहे आणि डावा काठही त्यांच्या रांगेत आहे. ‘ने’ मात्र मोठा आणि त्रिकोणाच्या मधोमध आहे. शिवाय अक्षरांपासून वर जाणारी एक फिकट रेघ दिसते, म्हणजे लिहिणाऱ्याने ती वरच्या घराची असल्याचे सुचवले आहे. हा पुरावा चांगला आहे, पण रेघ कागदाची सुरकुतीही असू शकते.

म्हणून दुसरा पुरावा पंचांगाचा. त्या रात्री शनि कर्केच्या २० अंशांवर होता. राशीची हद्द त्याच्यापासून दहा अंश दूर, आणि शनि दिवसाला काही कलाच सरकतो. त्यामुळे अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन गणनेतले अंतर, थोडे वेगळे धरले किंवा वेळेत तासा-दोन तासांची चूक असली तरी तो कर्केतून हलत नाही. कर्क म्हणजे ४, आणि ४ हा अंक तिसऱ्या घरात आहे. प्लुटोही कर्केतच आणि शनिच्या अगदी जवळ होता. दोघेही तिसऱ्या भावातलेच.

इथे एक भेद पाळावा. पंचांगाचा उपयोग दोन शक्यतांपैकी एक निवडायला करावा. पत्रिकेत जे लिहिलेलेच नाही ते पंचांगातून उचलून कोष्टकात घालू नये. मूळ लेखकाने शनि खरोखरच चुकीच्या घरात लिहिला असता तर कोष्टकात तो चुकीच्या घरातच नोंदवायचा आणि शेजारी ‘गणिताशी जुळत नाही’ असा शेरा द्यायचा. आपण फोटो उतरवत आहोत, पत्रिका दुरुस्त करत नाही आहोत.

अक्षरे: कोणते कोणासारखे दिसते

मराठी पत्रिकेत रविसाठी ‘र’ लिहितात, हिंदी परंपरेत बहुधा ‘सू’. इथे ‘र’ आहे, आणि तो २ या अंकासारखा दिसतो. तिसऱ्या घरात ४ च्या शेजारी असलेल्या ‘र’चे वाचन एकदा ‘४२’ असे झाले. एका घरात राशीचे दोन अंक असू शकत नाहीत, आणि ग्रह मोजले तर रवि कुठेच सापडत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो अंक नसून र आहे हे नक्की होते. काही पत्रिकांत ग्रहाशेजारी अंशही लिहितात. तसे असेल तर घरात दोन अंक येणे साहजिक आहे, पण ते ० ते २९ च्या दरम्यान असतात आणि प्रत्येक ग्रहाशेजारी दिसतात. या पानावर तसे नाही.

सहाव्या भावात तूळ राशीशेजारी एक अक्षर आहे, ते ‘गु’ की ‘बु’ हे शाईच्या फराट्यामुळे कळत नाही. बुध मानला तर तो कर्केतल्या रविपासून तीन राशी पुढे जातो, आणि ते शक्य नाही. शिवाय तिसऱ्या घरात एक ‘बु’ स्पष्ट आहे. म्हणून सहाव्यातला गुरु. दोन स्वतंत्र कारणे एकाच उत्तरावर आली की समाधान मानायला हरकत नाही.

‘शु’ आणि ‘श’ यांच्यात फक्त उकाराचा फरक. तिसऱ्या घरातल्या चौथ्या अक्षराचा उकार जवळजवळ उडाला आहे, आणि समासातलेही ‘श’च दिसते. म्हणजे दोन शनि आणि शुक्र गायब. शुक्र रविपासून सुमारे ४८ अंशांपलीकडे जात नाही, हा नियम एरवी इथे निकाल देतो, पण या वेळी दोन्ही अक्षरे एकाच घरातली असल्यामुळे तो निरुपयोगी ठरतो. सुदैवाने निकालाची गरजही नाही. आतला शुक्र आणि बाहेरचा शनि, किंवा उलट, कोष्टकाची ओळ तीच राहते. फक्त ‘श’ दोनदा आला म्हणून एक खोडून टाकायचा नाही. अशा दुबार अक्षरातच हरवलेला ग्रह सापडतो.

मोजणीचे एक सांगायला हवे. परंपरेने नऊ ग्रह, पण मराठी पत्रिकांत हर्षल, नेपच्यून आणि प्लुटो धरण्याची पद्धत रूढ आहे, आणि या पानावर तिन्ही आहेत. दुसऱ्या घरात मंगळाशेजारी ‘ह’, पाचव्यात ‘ने’, समासात ‘प्लु’. त्यामुळे एकूण बारा यायला हवेत. ‘नऊ झाले, बाकीचे डाग असतील’ असे समजून ‘ह’ सोडून दिला जातो, विशेषतः तो मंगळाच्या अनुस्वाराला चिकटला असेल तर. घरात ‘व’ किंवा ‘अ’ दिसले तर ते ग्रह नसून वक्री आणि अस्त यांच्या खुणा असतात. त्या वेगळ्या रकान्यात नोंदवाव्यात.

अनुस्वार आणि उकार दिसावेत यासाठी फोटोचा आकार महत्त्वाचा. ७ सेंटिमीटरची आकृती फोटोत १४०० पिक्सेल रुंद आली तर एका सेंटिमीटरला २०० पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार १० पिक्सेलचा होतो आणि स्वच्छ दिसतो. तोच फोटो चॅटवरून पाठवताना दाबला जाऊन आकृती ४०० पिक्सेलची झाली तर अनुस्वार तीनेक पिक्सेलचा ठिपका उरतो, आणि कागदाच्या डागापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून मूळ फाइल मागवावी, चॅटवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो पानाच्या बरोबर वरून, फ्लॅश न लावता, खिडकीचा उजेड एका बाजूने घेऊन काढावा. घडी असेल तर दोन फोटो घ्यावेत, उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. घडीची सावली बाजू बदलते, शाई बदलत नाही. वर सांगितलेली फिकट रेघ शाईची की सुरकुतीची, हे अशा दुसऱ्या फोटोनेच ठरले असते.

तयार कोष्टक

शेवटचा रकाना सोडू नये. ‘वाचले’ म्हणजे फोटोत स्पष्ट आहे. ‘क्रमाने’ म्हणजे अंक शेजारच्या घरांवरून काढला. ‘पडताळून’ म्हणजे अक्षर संदिग्ध होते आणि कसोटीने ठरवले.

| भाव | अंक | राशी | ग्रह | आधार |
|---|---|---|---|---|
| १ | २ | वृषभ | राहू | वाचले |
| २ | ३ | मिथुन | मंगळ, हर्षल | अंक क्रमाने, ग्रह वाचले |
| ३ | ४ | कर्क | रवि, चंद्र, बुध, शुक्र, शनि, प्लुटो | चंद्र, बुध वाचले; बाकीचे पडताळून |
| ४ | ५ | सिंह | — | अंक क्रमाने |
| ५ | ६ | कन्या | नेपच्यून | अंक क्रमाने, ग्रह वाचला |
| ६ | ७ | तूळ | गुरु | अंक वाचला, ग्रह पडताळून |
| ७ | ८ | वृश्चिक | केतू | वाचले |
| ८ | ९ | धनु | — | अंक क्रमाने |
| ९ | १० | मकर | — | वाचले |
| १० | ११ | कुंभ | — | वाचले |
| ११ | १२ | मीन | — | अंक क्रमाने, घर घडीखाली |
| १२ | १ | मेष | — | अंक क्रमाने, घर घडीखाली |

रिकाम्या घरातली आडवी रेघ म्हणजे ‘घर पाहिले, ग्रह नाही’. घडीखालच्या ११ आणि १२ या घरांबद्दल मात्र नजरेने तसे म्हणता येत नव्हते. तिथे रेघ टाकता आली ती बाराही ग्रह इतरत्र सापडले म्हणून. एक जरी कमी पडला असता तर त्या दोन घरांपुढे रेघ नको, प्रश्नचिन्ह हवे.

आता कोष्टकाच्या कसोट्या, या वेळी दोन्ही बाजूंनी. राहू २ मध्ये, केतू ८ मध्ये, सहाचा फरक, बरोबर समोर. पानावरची ‘रास कर्क’ आणि चंद्राचा अंक ४ जुळतात. पुष्य नक्षत्र कर्केच्या ३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत असते आणि चंद्र सुमारे ४ अंशांवर, तेही जुळते. रवि-चंद्र एकाच राशीत असणे अमावास्येच्या जवळपास घडते. त्या वेळी अमावास्या दोन दिवसांवर आली होती. १५ ऑगस्टला निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या स्थिर चौकटीत मोजलेला, रवि कर्केच्या शेवटी असतो आणि १७ च्या सुमारास सिंहेत जातो. त्याऐवजी रविच्या घरात ५ दिसला असता तर पत्रिका सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, असण्याची शंका घ्यावी लागली असती, कारण सायन आणि निरयन यांतले अंतर तेव्हा सुमारे २३ अंशांचे होते.

रवि तिसऱ्या भावात आणि जन्म मध्यरात्रीचा, हे थोडे विसंगत वाटते, आणि इथेच काही जण बरोबर कोष्टक बिघडवतात. सूर्योदयाला रवि लग्नाजवळ, दुपारी दहाव्याजवळ, सूर्यास्ताला सातव्याजवळ आणि मध्यरात्री चौथ्याजवळ असतो. पण ही जाडी कसोटी आहे, एका घराचा फरक तिच्यात सहज मावतो. इथे रवि कर्केच्या जवळजवळ २८ अंशांवर आहे. राशीने तो तिसऱ्या घरात मोडतो, मात्र भाव अंशांनी मोजणाऱ्या चलित कुंडलीत तो चौथ्या भावात सरकतो. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या आकृत्यांबद्दल आहेत. म्हणून कोष्टकाच्या डोक्यावर ‘लग्नकुंडली, राशीनुसार भाव’ असे लिहून ठेवावे. पानावर चलित आकृती असेल तर तिचे कोष्टक वेगळे करावे, आणि त्यात राशीचा रकाना घरातल्या अंकावरून भरू नये. चलितात चौथ्या घरात ५ अंक आणि रवि शेजारीशेजारी दिसले तरी रवि सिंहेचा होत नाही, तो कर्केचाच असतो.